खात्यात २७५० आले, पण कशाचे?

मी आशा आहे, म्हणजे गावची आरोग्य स्वयंसेविका, अकरा वर्षं झाली. गावचं नाव सांगत नाही, पीएचसीचं म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचंही नाही, कारण तिथं रोज जायचंय आणि माणसं वाईट नाहीत. पण डिसेंबर २०२४ च्या कामाचा हिशोब मी पहिल्यांदा शेवटपर्यंत लावला, त्याला जवळजवळ चार महिने गेले, ते सगळं इथं लिहून ठेवतेय कारण आमच्या ग्रुपवर दर महिन्याला तेच चालतं, "ताई तुमचे किती आले", "माझे २१०० आले", "माझे ३४०० कसे काय", आणि मग कोणालाच माहीत नाही की किती यायला हवे होते.

सुरुवात बँकेत झाली. पासबुक मशीनमध्ये घातलं, एन्ट्र्या छापून आल्या, त्यात एक २०,००० ची आणि तिच्याखाली आठ दिवसांनी एक २,७५० ची. बास. पुढं नुसता लांबलचक नंबर. आता त्या नंबरवरून कोणत्या महिन्याचे, कशाचे, काही कळत नाही. मागं रांगेत गावातलेच एक काका उभे होते, ते डोकावून म्हणाले, "वीस हजार? मजा आहे तुमची". मी काही बोलले नाही. आधी मलाच कळायला हवं होतं ना की हे वीस हजार म्हणजे काय.

ते कळायला सोपं निघालं. आम्हाला दोन वेगळ्या खिशातून पैसे येतात. एक राज्य सरकारचं मानधन, ते ठरावीक. १ जुलै २०२० पासून २००० सुरू झालं, मग टप्प्याटप्प्याने वाढत ५००० झालं, आणि आझाद मैदानातल्या आंदोलनानंतर मार्च २०२४ मध्ये अजून ५००० वाढ मंजूर झाली, ती नोव्हेंबर २०२३ पासून लागू. म्हणजे महिन्याला १०,०००. दुसरा खिसा केंद्राचा, तो कामावर आधारित मोबदला, जेवढं काम केलं आणि जेवढं कागदावर सिद्ध झालं तेवढा. गावात लोक दोन्ही एकत्र करून बातमीतला आकडा धरतात आणि आपणही बोलताना "पगार" म्हणतो, पण हिशोब लावायचा तर दोन्ही वेगळे ठेवायलाच लागतात, नाहीतर काही उमजत नाही.

राज्याच्या मानधनाचं मी फक्त महिने मोजले. एप्रिल ते डिसेंबर नऊ महिने, म्हणजे ९०,००० यायला हवे. पासबुकात सगळ्या तशा एन्ट्र्यांची बेरीज ८०,०००. एन्ट्र्या कधी दहाच्या, कधी दोन महिन्यांच्या एकदम वीसच्या, त्यामुळे नजरेनं पकडता येत नाही, बेरीजच करावी लागते. लेखापालांना विचारलं तर म्हणाले अनुदान एक महिना मागं चाललंय, डिसेंबरचं आलेलं नाही. म्हणजे बुडालं नव्हतं, उशीर होता. पुढच्या महिन्यात बेरीज परत जुळली. इतकंच. याच्यात कोणी काही कापत नाही, त्यामुळे इथं जास्त डोकं लावायची गरज नसते.

खरा घोळ त्या २,७५० चा.

त्या रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावरच बसले, आशा डायरी, क्लेम फॉर्मची झेरॉक्स आणि मुलीचा कॅल्क्युलेटर घेऊन. झेरॉक्स होती हे माझं नशीब, कारण त्याआधी दहा वर्षं मी फॉर्म भरून आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंच्या हातात द्यायचे आणि विसरून जायचे. या वेळी मुलीनं देण्याआधी दुकानातून झेरॉक्स काढून आणलेली, तिच्या प्रोजेक्टची काढायची होती त्यासोबत.

फॉर्मवर मी क्लेम केलेले ४,३५०. आले २,७५०. म्हणजे १,६०० कमी. आता साधारण काय होतं, इथपर्यंत आलं की माणूस चिडतो आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये "माझे सोळाशे कापले" असं ओरडतो, समोरून उत्तर येतं "निधी नाही", आणि विषय संपतो. मीही तेच केलं असतं. पण मुलगी म्हणाली, "आई, आधी कुठले सोळाशे ते तर बघ". तिचं बरोबर होतं.

आधी काय काय क्लेम केलेलं ते सांगते. पहिलं नियमित कामांचे २,०००. हे २०१८ च्या ऑक्टोबरपासून २,००० आहेत, त्याआधी १,००० होते. मार्च २०२५ मध्ये दिल्लीच्या बैठकीत ते ३,५०० करायचं मंजूर झालंय, पण मी सांगतेय तो डिसेंबर २०२४ चा हिशोब, म्हणून २,०००च. बऱ्याच जणी हे २,००० फिक्स समजतात. फिक्स नाहीत. ते आठ कामांचे तुकडे आहेत. ग्राम आरोग्य पोषण दिवस २००, गावच्या आरोग्य समितीची बैठक १५०, पीएचसीची महिन्याची आढावा मीटिंग १५०, आणि मग पाच कामं प्रत्येकी ३०० ची, कुटुंबांची यादी आणि तिचं सहामाही अपडेट, गाव आरोग्य नोंदवही आणि जन्म-मृत्यू नोंदी, लसीकरणाची ड्यू लिस्ट, गरोदर मातांची यादी, जोडप्यांची यादी. एक तुकडा नसला की तेवढे जातात, आणि बेरीज लगेच १,८५० नाहीतर १,७०० अशी दिसते. म्हणून रक्कम बघून ओळखता येतं की १५० वालं गेलंय का ३०० वालं.

मग एचबीएनसी, म्हणजे बाळंतपणानंतर घरी जाऊन बाळ-बाळंतिणीला बघायच्या भेटी, एका बाळाचे २५०. माझ्या फॉर्मवर दोन बाळं, ५००. पहिल्या वर्षाचं पूर्ण लसीकरण झालेली तीन मुलं, प्रत्येकी १००, आणि दुसऱ्या वर्षाचं झालेली दोन, प्रत्येकी ७५, मिळून ४५०. एचबीवायसी, ते तीन महिन्यांपासून पंधरा महिन्यांपर्यंतच्या बाळांच्या भेटी, एका भेटीचे ५०, मी त्या महिन्यात चार केल्या, २००. आणि जेएसवाय, म्हणजे जननी सुरक्षा, दोन बाळंतपणं, ग्रामीण भागात एकीचे ६००, म्हणून १,२००. सगळं मिळून ४,३५०.

दुसऱ्या दिवशी मीटिंग नव्हती तरी पीएचसीत गेले. गटप्रवर्तक ताईंना म्हणलं, "ताई, माझा मंजूर झालेला फॉर्म दाखवा, मेडिकल ऑफिसर सरांच्या सहीचा". त्यांना जरा आश्चर्य वाटलं, कारण असं कोणी मागत नाही. पण त्यांनी लगेच काढून दिला, फाईल त्यांच्याकडेच होती. मी फोटो काढला. त्या फॉर्मवर लाल पेनानं गोल केलेले, आणि खाली मंजूर रक्कम ३,३५०.

बघा म्हणजे तिथंच अर्धं कोडं सुटलं. क्लेम ४,३५०, मंजूर ३,३५०, जमा २,७५०. हजार रुपये सरांच्या टेबलावर कापले गेले आणि सहाशे त्याच्या पुढं कुठंतरी अडकले. ही दोन वेगळी भांडणं आहेत, दोन वेगळ्या माणसांशी. कापलेल्यासाठी लेखापालांकडे जाऊन उपयोग नाही, ते मंजूर रकमेपुरतंच बिल करतात. आणि अडकलेल्यासाठी क्लेम तपासणाऱ्या सिस्टरशी वाद घालून उपयोग नाही. मी इतकी वर्षं सगळं एकाच माणसाला विचारत होते, जो समोर दिसेल त्याला.

कापलेले हजार तीन ठिकाणी होते. ६००, २५०, १५०.

सहाशे आधी सांगते कारण तिथं चूक माझी. दोन बाळंतपणांपैकी एकीचं जेएसवाय कापलेलं. मी ताईंना तावातावानं म्हणलं की मी स्वतः तिला १०२ च्या गाडीत घेऊन गेलेय, रात्री दोन वाजता, सकाळपर्यंत बाहेर बाकड्यावर बसून होते, आणि सहाशे कापता? त्या शांतपणे म्हणाल्या, "ती बीपीएलमध्ये आहे का? एससी, एसटी?" नव्हती. आपल्या राज्यात जेएसवाय फक्त दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या मातांना आहे, आणि आईच लाभार्थी नसेल तर तिच्यासोबत गेलेल्या आशाचेही ते ६०० बसत नाहीत. काही राज्यांत सगळ्याच गरोदर बायांना आहे, आपल्याकडे तसं नाही. मला हे ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं असणार, पण रात्रभर बाकड्यावर बसल्यावर माणसाला वाटतं की याचे पैसे मिळायलाच हवेत. वाटायलाही हवं खरं तर. पण नियमाप्रमाणे ते माझे नव्हते, मी ते खोडलं.

आता २५०. इथं मी बरोबर होते, आणि हे सिद्ध करायला सगळ्यात जास्त वेळ गेला.

दवाखान्यात बाळंतपण झालं की घरभेटी सहा, तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरीच झालं तर पहिल्या दिवसाची धरून सात. माझ्या दोन बाळांपैकी पहिल्याच्या सहाही भेटी होत्या, त्याचे मंजूर झाले. ते बाळ ऑक्टोबरच्या अखेरीचं, बेचाळिसावा दिवस डिसेंबरात पडला म्हणून क्लेमही डिसेंबरात, जरी बहुतेक भेटी नोव्हेंबरात झालेल्या. हे लक्षात ठेवायला हवं कारण डायरीत काम दिसतं एका महिन्यात आणि पैसे बसतात दुसऱ्या महिन्यात, आणि आपण चुकीच्या महिन्यात शोधत बसतो. शिवाय नुसत्या भेटी पुरत नाहीत. बाळाचं जन्माचं वजन कार्डावर हवं, बीसीजी, पोलिओ आणि दीड महिन्याची पहिली लस झालेली हवी, जन्माची नोंद झालेली हवी, आणि आई-बाळ दोघंही बेचाळीस दिवस सुखरूप हवेत. दीड महिन्याची लस म्हणजे बरोबर त्याच सुमाराला, आणि आमच्या गावात लसीकरणाचं सत्र महिन्यातून एकदाच, त्यामुळे बऱ्याचदा भेटी पूर्ण होऊनही एका लसीसाठी क्लेम पुढच्या महिन्यात ढकलावा लागतो. ढकलला तर ढकलला, पण डायरीत तसं लिहून ठेवायचं, नाहीतर तो कायमचा राहून जातो.

दुसरं बाळ सिझेरियनचं. आई सहाव्या दिवशी घरी आली. मी सातव्या दिवशी गेले, तेव्हापासून बेचाळिसाव्यापर्यंत पाचही भेटी केल्या, वजन, ताप, नाळ, दूध ओढतंय का, सगळं फॉर्मवर. पण तिसऱ्या दिवसाचा रकाना रिकामा. रिकामा असणारच, बाळ तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात होतं, मी काय तिथं जाऊन घरभेट करणार? क्लेम तपासणाऱ्या सिस्टरनं रकाना रिकामा बघितला, सहापैकी पाचच भेटी, अपूर्ण, आणि लाल गोल केला.

मी सिस्टरना म्हणलं, "सिस्टर, सिझर होतं". त्या म्हणाल्या, "हो पण भेटी सहा लागतात, मला काय करता येतं, फॉर्मवर सहा छापलंय". खोटं नाही, फॉर्मवर सहाच छापलेलं आहे. त्यांच्यावर तरी किती, चार गावांचं एकटीनं बघायचं, त्यात आम्हा सगळ्या जणींचे क्लेम एका दुपारी तपासायचे. एक मैत्रीण तर मला म्हणाली, "तू तिसऱ्या दिवशी कशाला रिकामं ठेवतेस, तारीख टाकून द्यायची ना". मी तसं करत नाही. डिस्चार्ज कार्डावर तारीख असते, कोणी ताडून बघितलं तर त्या एका बाळाचे नाही, सगळ्याच बाळांचे फॉर्म खोटे ठरतील.

मग आशांचं काम बघणाऱ्या तालुक्याच्या समूह संघटक सरांना फोन केला. त्यांनी राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मोबदल्याच्या यादीची पीडीएफ पाठवली. त्यात एचबीएनसीच्या खाली बारीक अक्षरात टीप होती आणि ती मी तीनदा वाचली, इंग्रजी होती म्हणून मुलीकडूनही वाचून घेतली. सिझेरियन झालेली आई पाच-सहा दिवसांनी घरी आली असेल तर सातव्यापासून बेचाळिसाव्यापर्यंतच्या पाच भेटी पूर्ण केल्यावर आशाला पूर्ण २५०. बाळ एसएनसीयूत, म्हणजे काचेच्या पेटीच्या वॉर्डात होतं आणि नंतर घरी आलं, तरी उरलेल्या भेटी पूर्ण केल्या की पूर्ण रक्कम. मी ते पान छापून घेतलं, ती ओळ पेननं अधोरेखित केली, सोबत डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोडली आणि सिस्टरना दिली. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "अगं हे आम्हाला कोणी दाखवलंच नाही". मग त्यांनी स्वतःच पुरवणी क्लेमवर सही केली, आणि शेजारच्या गावातल्या आशाचेही दोन सिझरचे असेच कापलेले होते तेही आठवून काढले.

आणि त्याच पानावर, त्याच टिपेत, मला अजून एक गोष्ट सापडली, जी मी शोधतच नव्हते.

गावातली एक पोर पहिल्या बाळंतपणाला माहेरी म्हणजे आमच्याकडे आलेली. आपल्याकडे रीतच आहे, पहिलं बाळंतपण माहेरी, सव्वा महिना राहून मग सासरी. हिच्या सासरी दिराचं लग्न निघालं म्हणून बावीसाव्या दिवशीच ती गेली. माझ्या भेटी झालेल्या चार, तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा. मी धरून चाललेले की अर्धवट राहिलं, म्हणजे काही नाही, आणि क्लेमवर ते बाळ लिहिलंच नव्हतं. अकरा वर्षांत अशी किती बाळं मी लिहिली नसतील देव जाणे, कारण आमच्या कामात ही गोष्ट अपवाद नाही, पहिलटकरणींमध्ये तर हेच जास्त. टिपेत लिहिलेलं की आई माहेरच्या घरी बाळंत होऊन सासरी गेली आणि दोन ठिकाणच्या दोन आशांनी भेटी केल्या तर एका भेटीचे ५० प्रमाणे दोघींना द्यायचे, आणि जिनं पाच किंवा जास्त भेटी केल्या तिला पूर्ण २५०. म्हणजे माझे चार भेटींचे २०० होते. कोणी कापले नव्हते, मीच मागितले नव्हते.

हा तिसरा प्रकार. क्लेम केलं नाही, ते बेरजेत कधीच दिसत नाही. ४,३५० मधून २,७५० वजा करून १,६०० काढले त्यात हे २०० कुठंच नव्हते. ते फक्त डायरी आणि क्लेम समोरासमोर ठेवल्यावर दिसतात, डायरीतलं एकेक नाव घ्यायचं आणि क्लेममध्ये बोट ठेवायचं, नाही सापडलं तर का नाही ते विचारायचं. पुरवणीत मी तेही घातलं, आणि सासरच्या गावातल्या आशाला फोन करून सांगितलं की तिच्या दोन भेटींचे १०० आहेत, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्याचे. तिनंही लिहिलं नव्हतं.

राहिले १५०. ते पीएचसीच्या आढावा मीटिंगचे. मी मीटिंगला गेले होते, साडेदहाला पोचलेले, बाराच्या सुमाराला गावातून फोन आला की एकीला कळा सुरू झाल्यात, मी सरांना सांगून निघाले. हजेरीची वही चहानंतर फिरली. माझी सही नाही. सही नाही म्हणजे हजर नाही. मी सरांना म्हणलं, "सर, तुम्हाला सांगून गेले होते". ते म्हणाले, "मला आठवतंय, पण ऑडिटला मी काय दाखवू? वहीत सही नाही". मी म्हणलं तुम्ही शेरा लिहा ना, १०२ च्या गाडीची नोंद आहे त्याच वेळेची. ते नाही म्हणाले. माझ्या मते ते द्यायला हवे होते, मीटिंग सोडून मी काही बाजारात गेले नव्हते, ज्या कामासाठी मीटिंग असते त्याच कामाला गेले. सरांच्या मते वही म्हणजे वही. ते १५० गेले. तेव्हापासून मी पोचल्या पोचल्या वही मागून सही करते, आणि लेखापाल मला बघून हसतात.

आता मंजूर होऊनही न आलेले सहाशे. हे दुसऱ्या बाळंतपणाचं जेएसवाय, जी बीपीएलमध्ये होती, कागद पूर्ण, मंजूर फॉर्मवर बरोबरची खूण. लेखापालांकडे गेले. त्यांनी संगणकावर उघडून दाखवलं की आमच्या एका फॉर्मवर सगळं एकत्र लिहिलेलं असलं तरी पैसे बजेटच्या वेगवेगळ्या शीर्षातून निघतात. नियमित कामं, एचबीएनसी, एचबीवायसी आणि लसीकरणाचं बिल निघालं तेव्हा त्या शीर्षात पैसे होते, ते २,७५० झाले. जेएसवायचं अनुदान तेव्हा संपलेलं. म्हणजे "निधी नाही" हे उत्तर खरं होतं, पण फक्त ६०० साठी खरं होतं, १,६०० साठी नाही. मी त्यांना विचारलं, हे बाकी राहिलेलं कुठं लिहून ठेवलंय? त्यांनी एक रजिस्टर दाखवलं, त्यात माझं नाव, आईचं नाव, ३०० गरोदरपणातल्या तपासण्यांचे आणि ३०० बाळंतपणाचे, असं होतं. मी त्या पानाचाही फोटो काढला. तसं रजिस्टर नसतं तर मी लेखी अर्ज देऊन पोच घेतली असती, कारण मार्च संपला की नवीन वर्षाचं बजेट आणि जुनं कोणाच्या लक्षात राहत नाही.

हे सगळं चालू असताना एक गोष्ट माझ्या डोक्यातून पूर्ण गेलेली, ती गटप्रवर्तक ताईंनीच काढली. "तुझा टीबीचा पेशंट बरा झाला ना नोव्हेंबरात? त्याचे हजार आले का?" नव्हते आले. साध्या टीबीच्या रुग्णाला सहा महिने गोळ्या दिल्या, उपचार पूर्ण झाले की उपचार सहायकाला १,००० असतात. हे मी क्लेम फॉर्मवर लिहिलं नव्हतं कारण ते तिथं लिहायचंच नसतं, ते टीबी विभागाकडून निक्षय पोर्टलवरून थेट खात्यात येतात. टीबीच्या उपचारांवर देखरेख करणाऱ्या एसटीएस साहेबांना भेटले. त्यांनी पेशंटचा निक्षय आयडी टाकला. उपचार पूर्ण असं दिसत होतं, सहायक म्हणून माझं नाव होतं, पण पेमेंट परत गेलेलं. कारण काय, तर माझ्या बँकेचं काही वर्षांपूर्वी दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झालं तेव्हा आयएफएससी कोड बदलला, पीएचसीत मी नवीन दिलेला, इथं जुनाच राहिलेला. म्हणजे पीएचसीचे पैसे व्यवस्थित येत होते म्हणून मला शंकाच आली नाही. नवीन पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स दिली. ते म्हणाले परत पाठवतो, वेळ लागेल.

तर शेवटचा हिशोब असा झाला. मी आधी समजत होते माझे १,६०० राहिले. प्रत्यक्षात त्यातले ६०० माझे नव्हतेच, आणि १५० वर सरांचं माझं पटलं नाही. उरले सिझेरियनच्या बाळाचे २५० आणि जेएसवायचे ६००, म्हणजे ८५०. आणि ज्याची मला कल्पनाच नव्हती ते माहेरवाशिणीच्या बाळाचे २०० आणि टीबीचे १,०००. एकूण २,०५०. रक्कम मी समजत होते त्याहून मोठी निघाली पण पूर्ण वेगळ्या कारणांनी, आणि मीटिंगमध्ये सोळाशेसाठी ओरडले असते तर यातला एक रुपयाही त्या ओरडण्यातून सुटला नसता.

२५० आणि २०० फेब्रुवारीच्या क्लेमसोबत पुरवणीत आले, ते ओळखता आले कारण त्या महिन्यात मी फॉर्म देतानाच पासबुकाच्या मागच्या पानावर पेन्सिलनं लिहून ठेवलेलं, किती यायला हवेत. ६०० एप्रिलच्या शेवटी आले, एकटेच, म्हणून लगेच कळले. टीबीचे हजार अजून नाहीत. एसटीएस साहेबांकडे मागच्या मंगळवारी जाऊन आले, कोड दुरुस्त दिसतोय, पुढच्या यादीत आहे म्हणाले, मी यादीचा नंबर पासबुकाच्या त्याच पानावर लिहून आणलाय.